हिंदीतले ने, को आणि से: मराठी माणसाचं नेमकं कुठे चुकतं

‘तो मला म्हणाला’ हे तीन शब्दांचं मराठी वाक्य हिंदीत ‘उसने मुझसे कहा’ असं होतं. मराठीत कर्त्याला प्रत्यय नाही, हिंदीत ‘ने’ आहे. मराठीत ऐकणाऱ्याला ‘ला’ आहे, हिंदीत ‘को’ नाही, ‘से’ आहे. दोन सर्वनामांपैकी एकही जसंच्या तसं पलीकडे जात नाही. तरीही ‘ने म्हणजे ने, ला म्हणजे को, आणि उरलेल्या ठिकाणी से’ असं समीकरण मनात धरून आपल्यापैकी बहुतेक जण हिंदी बोलतात. ते काही वेळा जुळतं, म्हणूनच ही सवय सुटत नाही.

नामानंतर येणाऱ्या अशा शब्दांना हिंदीत परसर्ग म्हणतात. या तीन परसर्गांची निवड नामाच्या अर्थावरून होत नाही, क्रियापद ती ठरवतं. हिंदी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, पण विचार तिथूनच सुरू करायचा. क्रियापदाला तीन प्रश्न विचारायचे: तुझं रूप कोणतं, तू सकर्मक आहेस का, आणि समोरच्या माणसाला तू कोणता परसर्ग लावतोस? या क्रमाने गेलं की वाक्य उभं राहतं.

पहिली पायरी: ‘ने’ लागतो की नाही

हिंदीत कर्त्याला ‘ने’ लागण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. क्रियापद सकर्मक हवं आणि त्याचं रूप पूर्ण झालेल्या क्रियेचं हवं. म्हणजे ‘किया, किया है, किया था, किया होगा, किया होता’ यांसोबत ‘ने’ येतो. ‘करता है, करता था, कर रहा था, करेगा, करे’ यांसोबत येत नाही. ‘वह रोज़ चिट्ठी लिखता था’ हा भूतकाळच आहे, पण क्रिया पूर्ण झाल्याचं रूप नाही, म्हणून ‘ने’ नाही. ‘उसने चिट्ठी लिखी’ मध्ये आहे.

इथपर्यंत मराठीसारखंच वाटतं. ‘त्याने पत्र लिहिले’, ‘तो पत्र लिहितो’. पण दोन ठिकाणी मराठी आपल्याला फसवते.

पहिली जागा म्हणजे मी, तू, आम्ही, तुम्ही. मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’ पण ‘मी आंबा खाल्ला’. प्रथम आणि द्वितीय पुरुषात हा प्रत्यय दिसतच नाही. हिंदीत तो लपत नाही: ‘मैंने आम खाया’, ‘तूने आम खाया’, ‘हमने’, ‘तुमने’, ‘आपने’. ‘मैं आम खाया’ ही मराठी भाषकाची नेहमी ऐकू येणारी चूक याच जागेतून येते. उपाय सोपा आहे. मराठी वाक्यात ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहावं. ‘त्याने’ झालं, तर हिंदीत ‘मैंने’ हवंच.

दुसरी जागा जास्त अवघड आहे, कारण तिथे ही चाचणीही उपयोगी पडत नाही. मराठीत काही क्रियापदं कर्म घेतात, पण भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लावू देत नाहीत. तो चहा प्यायला. ती गाणं शिकली. तो म्हणाला. आम्ही क्रिकेट खेळलो. ती साडी नेसली. तो जेवला. कुत्रा मला चावला. भारत सामना जिंकला. मराठीच्या कानाला ही सगळी वाक्यं ‘तो गेला’च्या घरातली वाटतात. हिंदीत यांपैकी प्रत्येकात ‘ने’ लागतो:

तो चहा प्यायला: उसने चाय पी
ती गाणं शिकली: उसने गाना सीखा
तो म्हणाला: उसने कहा
आम्ही क्रिकेट खेळलो: हमने क्रिकेट खेला
ती साडी नेसली: उसने साड़ी पहनी
तो जेवला: उसने खाना खाया
कुत्रा मला चावला: कुत्ते ने मुझे काटा
भारत सामना जिंकला: भारत ने मैच जीता

ही यादी लांब नाही, म्हणून ती पाठ करण्यासारखी आहे. ‘शिंकला’, ‘खोकला’ आणि ‘थुंकला’ यांनाही तिच्यात जागा द्यावी. कर्म दिसत नसलं तरी हिंदीत ‘उसने छींका’, ‘उसने खाँसा’, ‘उसने थूका’ असंच म्हणतात.

याउलट काही हिंदी क्रियापदं कर्म घेऊनही ‘ने’ नाकारतात. त्यांतली मुख्य दोन: लाना आणि भूलना. ‘वह किताब लाया’, ‘मैं चाबी भूल गया’. ‘लाना’चं कारण समजून घेतलं की ते लक्षात राहतं: ते मुळात ‘ले आना’ आहे आणि शेवटचा ‘आना’ अकर्मक आहे. मराठी माणूस ‘त्याने पुस्तक आणले’वरून सहज ‘उसने किताब लाया’ म्हणून जातो, ते चूक. ‘बोलना’ दोन्हीकडे आहे. ‘वह बोला’ सर्रास चालतं, पण ‘सच’, ‘झूठ’ असं कर्म आलं की ‘उसने झूठ बोला’ही तितकंच रूढ आहे. ‘समझना’चंही तसंच: ‘मैं समझा’ आणि ‘मैंने समझा’.

जोडक्रियापदात शेवटचा शब्द पाहा

‘लाना’ला लागू पडलेलं तत्त्व सगळ्या जोडक्रियापदांना लागू पडतं. मुख्य क्रियापद सकर्मक असून पुरत नाही, त्याला जोडलेलं सहायक क्रियापदही सकर्मक जातीचं हवं. लेना, देना, डालना, रखना यांच्यासोबत ‘ने’ राहतो: ‘उसने केक खा लिया’. जाना, चुकना, सकना, पाना, लगना आले की जातो: ‘वह केक खा गया’, ‘वह केक खा चुका’, ‘वह केक नहीं खा सका’, ‘वह केक खाने लगा’. केक तोच, खाणाराही तोच, फक्त शेवटचा शब्द बदलला. ‘मैंने काम कर सका’ किंवा ‘उसने पढ़ने लगा’ अशी वाक्यं लिहून झाल्यावर शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं की चूक लगेच सापडते. ‘वह हँस दिया’, ‘वह चल दिया’ यांत ‘देना’ असूनही ‘ने’ येत नाही, कारण हँसना आणि चलना अकर्मक आहेत.

एका वाक्यात दोन क्रिया असतील तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मराठीत ‘तो घरी आला आणि जेवला’ म्हणताना कर्ता एकदाच येतो आणि दोन्ही क्रियांना पुरतो. हिंदीत ‘आया’ला ‘वह’ हवा आणि ‘खाया’ला ‘उसने’. नीट लिहायचं तर ‘वह घर आया और उसने खाना खाया’ असा कर्ता पुन्हा घ्यावा लागतो. ‘आकर’ वापरलं तर कर्त्याचं रूप शेवटची क्रिया ठरवते: ‘उसने घर आकर खाना खाया’, पण ‘वह घर आकर सो गया’.

‘ने’ आल्यावर क्रियापद कोणाचं ऐकतं

शाळेत शिकलेले कर्मणी आणि भावे प्रयोग इथे चांगले कामाला येतात. कर्माला परसर्ग नसेल तर क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: ‘मैंने रोटी खाई’, ‘मैंने तीन रोटियाँ खाईं’, ‘सीता ने आम खाया’. कर्माला ‘को’ लागला की क्रियापद कोणाचंच ऐकत नाही. मराठी अशा वेळी नपुंसकलिंगी एकवचन वापरते: ‘रामाने सीतेला पाहिले’. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून पुल्लिंगी एकवचन येतं: ‘राम ने सीता को देखा’, ‘मैंने लड़कियों को बुलाया’. बोली मराठीत ‘मी तिला पाहिली’ही ऐकू येतं, त्यावरून ‘मैंने उसको देखी’ तयार होतं. ‘को’ दिसला की क्रियापद ‘-आ’वर थांबवायचं.

कर्म मुळात नसेल किंवा कर्माच्या जागी अख्खं वाक्य असेल, तरी हाच नियम. ‘सीता म्हणाली की...’ हे ‘सीता ने कहा कि...’ होतं, ‘कही’ नाही. ‘सीता ने एक बात कही’ मध्ये ‘कही’ येतं, पण ते सीतेमुळे नाही, ‘बात’ स्त्रीलिंगी आहे म्हणून.

दुसरी पायरी: मराठी ‘ने’ कर्त्याचा नसेल तर ‘से’

मराठीचा ‘ने’ अनेक कामं करतो. त्याने साधन दाखवतात, कारण दाखवतात, वाट आणि रीतही दाखवतात. हिंदीचा ‘ने’ यांपैकी एकही करत नाही. चाकूने कापले, बसने गेलो, या रस्त्याने या, भुकेने व्याकुळ, वेगाने धावला: हिंदीत सगळीकडे ‘से’. चाकू से काटा, बस से गया, इस रास्ते से आइए, भूख से बेहाल, तेज़ी से दौड़ा.

कर्ता कोण आणि कारण कोण हे ओळखायला एक जोडी पुरेशी आहे. ‘पावसाने रस्ता खराब केला’ आणि ‘पावसाने रस्ता खराब झाला’. मराठीत दोन्हीकडे ‘पावसाने’. हिंदीत पहिलं ‘बारिश ने सड़क ख़राब कर दी’, दुसरं ‘बारिश से सड़क ख़राब हो गई’. पाऊस बदलला नाही, पण ‘करना’ सकर्मक आहे आणि ‘होना’ अकर्मक. निवड नामावरून होत नाही हे इथे स्पष्ट दिसतं.

आणखी एक मराठी ‘ने’ आहे तो हिंदीत नेताना काढूनच टाकायचा. ‘रामाने घरी जावे’ मध्ये क्रिया अजून घडलेली नाही आणि ‘जाणे’ अकर्मक आहे. म्हणजे हिंदीच्या दोन्ही अटी मोडतात. हिंदीत ‘राम घर जाए’. आणि ‘रामाने उद्या यायचं आहे’ असं कर्तव्य असेल तर ‘राम को कल आना है’. दिल्लीकडे, पंजाबीच्या प्रभावाने, ‘मैंने जाना है’ ऐकू येतं. ते तिथे बोलण्यात रूढ आहे, पण प्रमाण लेखनात ‘मुझे जाना है’ हेच रूप घ्यावं.

तिसरी पायरी: ‘ला’चं काय करायचं

मराठीचा ‘ला’ हिंदीत चार वाटांनी जातो, आणि त्यातली एकच ‘को’ची आहे.

‘को’ची वाट अशी: ज्याला काही दिलं, दाखवलं, सांगितलं, शिकवलं, बोलावलं तो (उसे दिया, उसे दिखाया, उसे बताया, उसे बुलाया), ज्याला काही जाणवतं तो (मुझे भूख लगी है, उसे बुख़ार है, मुझे आम पसंद है), ज्याच्यावर सक्ती आहे तो (राम को जाना पड़ा), आणि वार किंवा तारीख (सोमवार को, पाँच तारीख को). घड्याळाच्या वेळेला मात्र नाही: ‘पाच वाजता’ म्हणजे ‘पाँच बजे’.

कर्म असलेल्या माणसालाही ‘को’ लागतो: ‘मैंने राम को देखा’. निर्जीव वस्तूला सहसा लागत नाही, ‘किताब पढ़ो’. ठरावीक वस्तूकडे बोट दाखवायचं असेल तर लागू शकतो: ‘इस किताब को मेज़ पर रखो’. देणे-घेणे असेल तेव्हा ‘को’ घेणाऱ्याला द्यावा आणि वस्तू मोकळी ठेवावी. ‘राम ने सीता को किताब दी’ बरोबर, दोन ‘को’ एकाच वाक्यात जड होतात.

दुसरी वाट ‘से’ची, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. त्याला विचारले, त्याला भेटलो, कुत्र्याला घाबरतो, मला म्हणाला. हिंदीत: उससे पूछा, उससे मिला, कुत्ते से डरता है, मुझसे कहा. माँगना, लड़ना, बात करना, शादी करना, प्यार करना, बचना, छिपाना हेही ‘से’च घेतात. यामागे निश्चित असा एक तर्क शोधत बसण्यापेक्षा क्रियापद शिकतानाच त्याचा परसर्ग सोबत शिकावा. ‘पूछना’ असं वहीत लिहू नये, ‘किसी से पूछना’ असं लिहावं. ‘किसी को बताना’, ‘किसी से कहना’, ‘किसी से मिलना’.

इथे अदलाबदल केली तर नुसतं व्याकरण बिघडत नाही, काही वेळा अर्थच बदलतो. ‘राम से कहा’ म्हणजे रामाला सांगितलं. ‘राम को चोर कहा’ म्हणजे रामाला चोर म्हटलं. ‘इस फल को हिंदी में क्या कहते हैं?’ मध्ये ‘को’ हवा, कारण फळाशी कोणी बोलत नाही, त्याला नाव देतं. ‘किसी ने मुझसे नहीं पूछा’ म्हणजे मला कोणी प्रश्न केला नाही. ‘किसी ने मुझे नहीं पूछा’ म्हणजे माझी कोणी दखल घेतली नाही. मराठीत ‘मला कोणी विचारलं नाही’ दोन्ही अर्थांना पुरतं, म्हणून हा फरक आपल्या सहज ध्यानात येत नाही.

‘मिलना’ तर तिन्ही रूपांत वेगळं आहे. ‘मैं राम से मिला’ ही भेट ठरवून असू शकते. ‘राम मुझे बाज़ार में मिला’ ही अचानक गाठ, आणि इथे ज्याला तो दिसला त्या ‘मी’ला ‘को’चं रूप आहे. ‘राम को पैसे मिले’ म्हणजे रामाच्या हाती पैसे आले. ‘ने’ यात कुठेच येत नाही, कारण ‘मिलना’ अकर्मक आहे. ‘मैंने राम से मिला’ हे कितीही बरोबर वाटलं तरी चूक आहे.

तिसरी वाट ‘का, के, की’ची. ‘मला एक भाऊ आहे’ म्हणजे ‘मेरा एक भाई है’. ‘त्याला दोन मुलं आहेत’ म्हणजे ‘उसके दो बच्चे हैं’. ‘मी त्याला मदत केली’ म्हणजे ‘मैंने उसकी मदद की’. नातं आणि मालकी यांत ‘को’ वापरणं ही अस्सल मराठी छाप आहे.

चौथी वाट म्हणजे काहीच नाही, किंवा ‘में’. ‘पुण्याला गेलो’चं ‘पुणे गया’ होतं, ‘पुणे को गया’ नाही. ‘दहा रुपयांना घेतलं’ म्हणजे ‘दस रुपये में लिया’. ‘खोलीला खिडकी नाही’ म्हणजे ‘कमरे में खिड़की नहीं है’.

नकळत घडलेली गोष्ट

‘से’चं एक काम मराठीच्या ‘हातून’ आणि ‘माझ्याने’ या दोघांशी जुळतं. ‘मैंने गिलास तोड़ा’ म्हटलं की तुम्ही तो फोडला. ‘मुझसे गिलास टूट गया’ म्हणजे माझ्या हातून फुटला. ‘तोड़ना’ सकर्मक, म्हणून ‘ने’. ‘टूटना’ अकर्मक, म्हणून ‘ने’ला जागाच नाही आणि माणूस ‘से’ घेऊन बाजूला उभा राहतो. ‘मुझसे चला नहीं जाता’ म्हणजे माझ्याने चालवत नाही. इथे ‘को’ घातला तर वाक्य उभंच राहत नाही.

एक परिच्छेद घेऊन पाहू

मराठी मजकूर असा: काल संध्याकाळी मी दादरला गेलो. तिथे मला शाळेतला मित्र भेटला. तो मला म्हणाला, चहा घेऊ या. आम्ही चहा प्यायलो. मी त्याला त्याच्या घरच्यांबद्दल विचारलं. त्याला दोन बहिणी आहेत. पावसाने उशीर झाला, म्हणून मी टॅक्सीने घरी आलो.

‘गेलो’: जाना अकर्मक, म्हणून ‘मैं’, आणि ठिकाणाला काही नाही. ‘कल शाम मैं दादर गया।’

‘भेटला’: अचानक गाठ, म्हणून ‘वहाँ मुझे स्कूल का एक दोस्त मिला।’

‘म्हणाला’: कहना सकर्मक, रूप पूर्ण, म्हणून ‘उसने’, आणि कहना ‘से’ घेतं. ‘उसने मुझसे कहा, चलो चाय पीते हैं।’

‘प्यायलो’: मराठीत ‘ने’ला जागा नाही, हिंदीत आहे, आणि क्रियापद ‘चाय’प्रमाणे स्त्रीलिंगी. ‘हमने चाय पी।’

‘विचारलं’: ‘मैंने उससे उसके घरवालों के बारे में पूछा।’ इथे कर्म दिसत नाही, म्हणून ‘पूछा’.

‘बहिणी आहेत’: नातं, म्हणून ‘उसकी दो बहनें हैं।’

शेवटचं वाक्य: पाऊस कारण आहे आणि टॅक्सी साधन आहे, दोन्ही ‘से’. ‘बारिश से देर हो गई, इसलिए मैं टैक्सी से घर आया।’ ‘बारिश की वजह से’ म्हटलं तर आणखी स्वच्छ.

सगळे मराठी प्रत्यय सरळ उचलले असते तर या सातांतल्या जवळपास प्रत्येक वाक्यात काही ना काही बिघडलं असतं. फक्त दुसरं वाक्य, ‘मला मित्र भेटला’, जसंच्या तसं उतरलं असतं.

लिहिताना रूपं आणि जोडणी

‘ने’पुढे मैं आणि तू बदलत नाहीत: मैंने, तूने. ‘को’ आणि ‘से’पुढे बदलतात: मुझे किंवा मुझको, मुझसे, तुझे, तुझसे. ‘मेरे को’, ‘तेरे से’ मुंबईत आणि इतरत्र बोलण्यात सर्रास आहेत, पण अर्जात, पत्रात, परीक्षेत ‘मुझे’ आणि ‘तुझसे’ लिहावं. अनेकवचनात किंवा आदराने ‘वे’चं रूप ‘ने’पुढे ‘उन्होंने’ होतं, ‘को’चं ‘उन्हें’ किंवा ‘उनको’, ‘से’चं ‘उनसे’. ‘उन्हें बताया’ आणि ‘उन्होंने बताया’ यांत एवढ्याशा फरकाने बोलणारा आणि ऐकणारा बदलतो.

मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो: रामाने. प्रमाण हिंदीत नामापासून परसर्ग सुटा लिहितात आणि सर्वनामाला जोडतात: ‘राम ने’, ‘लड़कों से’, पण ‘उसने’, ‘मुझसे’. मध्ये ‘ही’ आला तर परसर्ग सुटा होतो: ‘आप ही से पूछना था’.

ऐकून हिंदी शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बनारस, पाटण्याकडच्या माणसाच्या तोंडी ‘हम रोटी खाए’ ऐकू येईल, कारण भोजपुरीसारख्या पूर्वेकडच्या बोलींत ‘ने’ नाहीच. हैदराबादच्या दक्खिनीत ‘मैं खाना खाया’ म्हणतात. ही त्या त्या भागाची पक्की, जुनी बोली आहे आणि तिचे स्वतःचे नियम आहेत. पण एका वाक्यात बनारसचा ‘हम खाए’, पुढच्यात दिल्लीचा ‘मैंने जाना है’ आणि तिसऱ्यात मुंबईचा ‘मेरे को’ असं मिसळलं की ऐकणाऱ्याला तुमची हिंदी कोणत्याच भागाची वाटत नाही. म्हणून आधी प्रमाण रूपं कानात बसवावीत, मग ज्या भागात राहता तिथली बोली उचलावी.